स्पर्धेसाठी तास बुडणार? सरांचं तोंडी ‘जा’ पुरेसं नाही
पुरुषोत्तम करंडकसारख्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी सरांनी तोंडी परवानगी दिली, तरी हजेरीपटावर गैरहजेरीच लागू शकते.

समजा, एका विषयाचे सत्रात ६० तास आहेत आणि ७५ टक्के हजेरीची अट आहे. म्हणजे किमान ४५ तास बसावं लागतं. आधीच १२ तास बुडालेत आणि स्पर्धेमुळे आणखी ४ बुडाले, तर हजेरी ४४ वर येते. एका तासाने अट मोडते.

म्हणून जाण्याआधीच लेखी अर्ज द्यावा. त्यात तारखा आणि बुडणारे तास लिहून सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांची सही घ्यावी. त्या दिवशी चाचणी असेल, तर दुसरी तारीखही त्यातच मागावी. परतल्यावर सहभागाच्या प्रमाणपत्राची प्रत द्यावी. मात्र हे तास हजेरीत धरायचे का, हे महाविद्यालयाचे नियम ठरवतात. ते आधीच विचारून घ्यावं.