महेंद्र आणि स्त्रीदीर्घ : दक्षिणेतील विवाहमेळाच्या दोन मोजण्या

१/
महाराष्ट्रात पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी किती गुण जमतात, हे पाहिले जाते. तमिळनाडूत मात्र दहापैकी किती ‘पोरुत्तम’ जमतात, असे विचारतात. पोरुत्तम म्हणजे जुळणी, अनुरूपता. या दहांतील दोन जुळण्या छत्तीस गुणांच्या कोष्टकात मुळीच नाहीत. महेंद्र ही संतती आणि घरच्या भरभराटीविषयी बोलते, तर स्त्रीदीर्घ ही लग्नानंतरच्या स्त्रीच्या सौख्याविषयी.

२/
छत्तीस गुणांची पद्धत रूढ करणाऱ्या ग्रंथांत ‘मुहूर्तचिंतामणी’ अग्रगण्य आहे. मूळच्या विदर्भातील घराण्यात जन्मलेल्या राम दैवज्ञाने तो शके १५२२ मध्ये, म्हणजे इ. स. १६०० मध्ये, काशीत पूर्ण केला. वर्णाला एक गुण, वश्याला दोन, असे चढत नाडीला आठ, बेरीज छत्तीस. अपत्यहानीचे आणि दारिद्र्याचे भय याही पद्धतीत आहे. परंतु ते वधूवरांच्या राशींमधील अंतराशी, म्हणजे नवपंचम आणि द्विर्द्वादश या योगांशी बांधलेले आहे.

३/
दक्षिणेत तेच भय आणि तीच आशा नक्षत्रांच्या मोजणीत उतरली. केरळमध्ये कोल्लम वर्ष ८२५ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १६४९-५० मध्ये, एका नंबूदिरी पंडिताने रचलेल्या ‘प्रश्नमार्ग’ या ग्रंथात विवाहमेळाची विस्तृत चर्चा आहे. मूळ कल्पना सोपी आहे. वधूच्या जन्मनक्षत्राला ‘एक’ म्हणायचे आणि वराच्या नक्षत्रापर्यंत मोजत जायचे. वर कितवा येतो, त्या एका आकड्यावर दोन्ही निवाडे होतात.

४/
महेंद्राचा नियम असा : वराचे नक्षत्र वधूपासून ४, ७, १०, १३, १६, १९, २२ किंवा २५ वे असावे. चारपासून निघून दर वेळी तीन पावले पुढे जायचे, एवढेच त्याचे सूत्र. हा आकडा आला तर पुत्रपौत्र, धन आणि कुटुंबाचे पोषण करण्याचे पतीचे सामर्थ्य लाभते, असे मानतात. काही ग्रंथकार त्यात दीर्घायुष्याचीही भर घालतात.

५/
स्त्रीदीर्घात विशिष्ट आकडे नसतात, तेथे अंतर पाहतात. ‘दीर्घ’ म्हणजे लांब. वराचे नक्षत्र वधूच्या नक्षत्रापासून पुरेसे दूर असावे, म्हणजे तिचे सौभाग्य टिकते आणि घरात समृद्धी नांदते, असा दावा आहे. ‘पुरेसे दूर’ म्हणजे किती, यावर मात्र एकमत नाही. एक परंपरा तेराच्या पुढचे अंतर मागते. बंगळुरूचे ज्योतिषी बी. व्ही. रामन (१९१२–१९९८) यांनी आपल्या मुहूर्तविषयक ग्रंथात नवाच्या पुढचे अंतर इष्ट मानले आणि काहींच्या मते सातच्या पुढचेही चालते, अशी नोंद केली.

६/
एक उदाहरण घेऊ. वधू रोहिणी, वर हस्त. रोहिणी १, मृग २, आर्द्रा ३, पुनर्वसू ४, पुष्य ५, आश्लेषा ६, मघा ७, पूर्वा फाल्गुनी ८, उत्तरा फाल्गुनी ९, हस्त १०. दहा हा महेंद्राचा आकडा, म्हणून संततीचे आश्वासन मिळाले. स्त्रीदीर्घ मात्र अडखळते. तेराची मर्यादा धरणाऱ्याकडे ते नाही, नवाची धरणाऱ्याकडे आहे. आकाश तेच, वधूवर तेच; उत्तर बदलले ते केवळ परंपरेमुळे.

७/
आता नक्षत्रांची अदलाबदल करू. वधू हस्त, वर रोहिणी. हस्तापासून रेवतीपर्यंत पंधरा, मग अश्विनी १६, भरणी १७, कृत्तिका १८, रोहिणी १९. एकोणीस हाही महेंद्राचाच आकडा! हा योगायोग नव्हे. नक्षत्रे सत्तावीस आणि दोन्ही बाजूंनी आरंभाचे नक्षत्र धरूनच मोजायचे. त्यामुळे दोन निरनिराळ्या नक्षत्रांमधील जाण्या-येण्याच्या मोजणीची बेरीज नेहमी २९ येते. ४ ची जोडी २५ शी, ७ ची २२ शी, १० ची १९ शी, १३ ची १६ शी. म्हणून कोणाहीकडून मोजले तरी महेंद्राचे उत्तर बदलत नाही.

८/
स्त्रीदीर्घाचे तसे नाही. याच जोडीत दहाच्या जागी एकोणीस येताच तेराची कडक मर्यादाही पार होते. म्हणजे वधू रोहिणी असेल तर अंतर अपुरे, वधू हस्त असेल तर भरपूर. महेंद्र दांपत्याच्या सामाईक घराविषयी बोलते आणि त्याची मोजणी दोन्हीकडून सारखीच येते. स्त्रीदीर्घ एकट्या स्त्रीच्या भाग्याविषयी बोलते आणि त्याची मोजणी एकाच दिशेने चालते. वराच्या सौभाग्यासाठी अशी उलट मोजणी या दहांत नाही.

९/
आकड्यांचा कस पाहावा. सत्तावीस शक्यतांपैकी महेंद्र आठांत जमते. तेराची मर्यादा धरली तर स्त्रीदीर्घ चौदांत जमते, नवाची धरली तर अठरांत, सातची धरली तर विसांत. कडक नियमाने दोन्ही एकत्र हवी असतील, तर १६, १९, २२ आणि २५ हे चारच आकडे उरतात. हाच नियम सर्वत्र अटळ मानला असता, तर बहुतेक स्थळे मोडली असती. सातपर्यंत सवलत देणारे मत व्यवहारात किती सोयीचे ठरते, हे यावरून ध्यानात येते.

१०/
आणखी एक अडचण पंचांगाची. चंद्र साधारणपणे रोज एक नक्षत्र ओलांडतो. तमिळनाडूत जुन्या वाक्यांवर आधारलेले ‘वाक्य’ पंचांग आणि दृक्‌गणिताचे ‘तिरुकणित’ पंचांग, अशी दोन्ही चालतात आणि नक्षत्र संपण्याची वेळ दोहोंत वेगळी येऊ शकते. नक्षत्रबदलाच्या सुमारास जन्म झाला असेल, तर दहाचे अकरा होतात आणि महेंद्र जाते. स्त्रीदीर्घाला एका घराच्या फरकाने सहसा धक्का लागत नाही. सीमेवरचा आकडा असेल तेवढाच अपवाद.

११/
या दोन पोरुत्तमांचे वजन तरी किती? रोहिणी-हस्ताच्या जोडीतच उत्तर आहे. दहांत ‘रज्जू’ नावाची जुळणी असून ती नक्षत्रे पाय, कटी, नाभी, कंठ आणि शिर अशा पाच गटांत वाटते. वधूवर एकाच गटात आले की दोष. रोहिणी आणि हस्त दोन्ही कंठाच्या गटात, आणि कंठरज्जूचे फळ पत्नीचा मृत्यू असे सांगतात. त्यामुळे महेंद्राने संततीची ग्वाही दिली तरी रज्जू मानणारे घर या स्थळाला नकार देते. महेंद्र आणि स्त्रीदीर्घ नसतील तर इतर जुळण्यांवर भागवतात. रज्जूकडे सहसा डोळेझाक होत नाही.

१२/
या मोजणीला वधूवरांविषयी एकच गोष्ट ठाऊक असते : चंद्राच्या सुमारे सत्तावीस दिवसांच्या फेरीत त्यांच्या जन्मदिवसांमध्ये पडलेले अंतर. तीन दिवसांच्या पटीचे अंतर म्हणजे साधारणपणे महेंद्र, आणि त्या फेरीतला लांबचा पल्ला म्हणजे स्त्रीदीर्घ. शरीर, वय, आरोग्य, मिळकत यांपैकी काहीही त्यात येत नाही. त्यामुळे अपत्ये होतील की नाही, हे या आकड्यांतून कळण्याचा मार्ग नाही. कळते ते एवढेच की, स्थळ ठरवणाऱ्या घरांना लग्नानंतर कशाची धास्ती वाटे : घर रिकामे राहण्याची, अन्नधान्य आटण्याची आणि सुनेचे सौभाग्य अल्पजीवी ठरण्याची. यांतल्या शेवटच्या धास्तीची मोजणी नेहमी तिच्याच नक्षत्रापासून सुरू झाली.