आत्याच्या दातातली फट

गेल्या महिन्यात आत्याकडे गेलो होतो. तिची जुनी लोखंडी ट्रंक आवरायची होती. (आवरायची म्हणजे सगळं बाहेर काढायचं, बघत बसायचं आणि पुन्हा तसंच आत ठेवायचं.) तळाशी एका खाकी पाकिटात तिची निगेटिव्ह सापडली. हाफ प्लेट, म्हणजे साधारण हाताच्या पंजाएवढी. १९७१ सालची, लग्नासाठी 'दाखवायला' काढलेली. तेव्हाचं औरंगाबाद, २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर. गुलमंडीच्या बाजूला एक स्टुडिओ होता, तिथे ती आजोबांबरोबर टांग्यातून गेली होती.

त्या निगेटिव्हवरून काढलेला फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. लहानपणी मला तो आत्याचा वाटायचाच नाही. आत्याच्या पुढच्या दोन दातांत चांगली दोन मिलिमीटरची फट आहे, आणि ती हसली की आधी ती फटच हसते. फोटोत मात्र दात पाटीसारखे सलग.

निगेटिव्ह ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि कोडं सुटलं. एरवी मंद दिसणाऱ्या बाजूवर, बरोबर दातांच्या जागी, शिसपेन्सिलीची चकाकी दिसत होती. अशी तिरकी धरणं हीच रिटचिंग ओळखायची सोपी खूण. सरळ उजेडात काही कळत नाही.

ही कला फोटोग्राफीइतकी नाही, तरी जवळजवळ तेवढीच जुनी. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगलने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेली निगेटिव्ह मांडली होती. आपल्याकडे लाला दीनदयाळ १८८० च्या दशकात निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले, आणि औरंगाबाद तेव्हा त्याच संस्थानात होतं. पण त्या काळच्या फोटोंत दातांचा प्रश्न फारसा यायचाच नाही. एक्स्पोजर लांब, त्यामुळे तोंड मिटून बसायचं. दात दाखवून हसणं पुढे वेगवान फिल्म आल्यावर रुळलं, आणि रिटचरचं काम वाढलं.

आता पेन्सिलच का? निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. फोटोत काळी दिसणारी फट निगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक असते. तिथे शिसं चढवलं की प्रकाश अडतो आणि फोटोत ती जागा पांढरी होते. फिल्मवर पेन्सिल घसरते, म्हणून आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचं पातळ 'मिडियम' बोटाने चोळायचं. मग दुधी काचेच्या उतरत्या डेस्कमागे आरसा ठेवून, सुईसारखं टोक काढलेल्या कडक पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके. उलटं काम, म्हणजे पांढरं काहीतरी काळं करायचं, तर पाती घेऊन इमल्शन खरवडावं लागे. ते एकदा गेलं की गेलं.

आत्याचा चेहरा या निगेटिव्हवर पाचेक सेंटिमीटरचा आहे. त्या हिशोबात दोन मिलिमीटरची फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. हात खरंच बसलेला माणूस होता. (पस्तीस एमएमच्या निगेटिव्हवर हीच फट एक दशांश मिलिमीटर झाली असती. तिथे पेन्सिल चालत नाही. छापलेल्या फोटोवर कुंचल्याने काम करावं लागतं.)

पण चूक झाली ती हाताची नाही, विचाराची. त्याने फट *भरली*. मधोमध केसाएवढी रेघ सोडली आणि दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर दाताला जोडून दिला. वरचा पुढचा दात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद आणि साडेदहा उंच असतो. म्हणजे रुंदी उंचीच्या ऐंशी टक्के. एक मिलिमीटर वाढला की ती नव्वद होते, आणि दात चौकोनी दिसायला लागतो. शेजारचे दात मात्र होते तेवढेच, साडेसहाचे. शिवाय दोन दातांमध्ये हिरडीचं जे टोकदार त्रिकोणी बोट खाली उतरतं तेही पुसलं, आणि खालच्या टोकांना उलट्या व्ही सारखी जी खाच असते तीही बुजली. उरली खोबऱ्याची एक कातळी.

पुढचं आम्हा सगळ्यांना ऐकून माहीत आहे. जालन्याचं स्थळ फोटो पसंत करून आलं, आत्या चहा घेऊन बाहेर आली, हसली, आणि मंडळी चहा पिऊन गेली. आठवड्याने फोटो परत आला. त्यानंतर ती कुठल्याच फोटोत तोंड उघडून हसलेली नाही. लग्नातल्या अल्बममध्येही नाही.

ही निगेटिव्ह हातात असतानाच भाचीचा फोन आला. तिच्याही दातांत हीच फट (आमच्या घराण्याची देणगी!), म्हणून वर्षभर तारा लावल्यात. फट आता मिलिमीटरभर उरलीय. दिवाळीतला एक फोटो तिला फार आवडलाय. "मामा, तारा काढ ना त्यातल्या. आणि फटही मिटव. पण माझेच दात ठेव हं."

बसलो. वेगळा रिकामा लेअर घेतला. आधी दातांमधली काळी रेघ परत उभी केली, कारण दाताचा आकार त्याच्या कडेत असतो. मग तार, मग ब्रॅकेट. ब्रॅकेट दाताचा मधला भाग झाकतं, वर आणि खाली खरा दात दिसत असतो. Clone Stamp ने त्याच दाताचा तुकडा उचलायचा, शेजारचा नाही: हिरडीजवळ रंग जरा पिवळट, टोकाशी निळसर करडा. फोटोशॉप ७ मध्ये, २००२ साली, आलेला Healing Brush आजूबाजूचे रंग मिसळतो, म्हणून काळ्या कडेजवळ तो वापरला की दातावर मळकट डाग येतो. तो फक्त दाताच्या मध्यावर. ब्रॅकेटखाली दातावरची उभी चमक गेलेली असते. ती हलक्या हाताने परत आणली, नाहीतर दात खडूसारखा दिसतो. एका बाजूचे चांगले दात उलटे करून दुसरीकडे चिकटवायचा मोह होतो. तो टाळला. चमक चुकीच्या बाजूला पडते, आणि इतकं सारखं तोंड कुणाचंच नसतं.

फट फोटोत दहा पिक्सेल होती. Liquify ने ओढलं असतं तर दात रुंद झाले असते, म्हणजे पुन्हा गुलमंडीच. त्याऐवजी दोन्ही बाजूंची रांग, सुळ्यापर्यंत, हिरडीसकट उचलून पाच पाच पिक्सेल आत सरकवली. सुळ्यामागे जागा झाली ती ओठाच्या कोपऱ्यातल्या सावलीत गेली. हिरडीचा त्रिकोण आणि खालची खाच हाताने घडवली. शेवटी मोजलं: पुढचा दात आधी चौऱ्याऐंशी पिक्सेल रुंद, नंतरही चौऱ्याऐंशी. तारेमुळे वरचा ओठ किंचित उचललेला होता, तो तसाच ठेवला.

भाचीचा फोटो आत्याला दाखवला. तिने चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं. "हिचं बरं केलंस. माझंही जमेल का?"

मला वाटलं फट नीट मिटवायची म्हणतेय.

"अरे, मिटवू नको. उघड."

ते फोटोशॉपशिवायच झालं. शिसं राळेवर बसलेलं, आणि राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळते. आधी निगेटिव्ह आहे तशी स्कॅन करून ठेवली, कोपऱ्यावर करून पाहिलं, मग कापसाचा ओलसर बोळा दातांवरून हलके फिरवला. कापूस करडा झाला. पात्याचे ओरखडे निघाले असते तर काही करता आलं नसतं, पण दातांवर त्याने पातं लावलंच नव्हतं.

पुन्हा स्कॅन केलं. वीस वर्षांची आत्या, आणि मधोमध फट. प्रिंट तिने टीव्हीवर ठेवलीय. कुणी जालन्याहून येणार असेल तर सांगा म्हणते.