अनुवादस्मृती आणि तीन खंडांची परिभाषा

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाने 2016 साली ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’ हे तीन खंडांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. पहिल्या खंडात यामिकी, तरंग आणि ध्वनी अशी 17 प्रकरणे आहेत. दुसऱ्यात उष्णता, वीज आणि चुंबकत्व यांची 16, तर तिसऱ्यात प्रकाश आणि आधुनिक भौतिकीची 11. परवाना खुला असल्यामुळे त्याचा अनुवाद कोणालाही करता येतो. समजा, तो हिंदीत करायचा आहे. तिन्ही खंड एकाच माणसाच्या हातून होणे शक्य नाही. म्हणजे वेगवेगळे गट, वेगवेगळी वर्षे आणि वाचणारा विद्यार्थी मात्र एकच. पहिल्या खंडात ‘संवेग’ शिकलेल्या या विद्यार्थ्याला क्वांटम प्रकरणातही ‘संवेग’च भेटला पाहिजे.

अशा कामासाठी ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे अनुवादस्मृती वापरतात. येथे ओमेगाटी ही मोफत प्रणाली उदाहरणादाखल घेतली आहे. तिची सगळी सामग्री साध्या फायलींत असते, त्यामुळे आत काय चालले आहे ते उघडून पाहता येते. प्रणाली मूळ मजकुराचे तुकडे पाडते. बहुधा एक वाक्य म्हणजे एक तुकडा, आणि अनुवादक त्याला सेगमेंट म्हणतात. प्रत्येक सेगमेंट व त्याचा अनुवाद यांची जोडी `project_save.tmx` या फायलीत साठते. नवे सेगमेंट समोर आले की साठ्यातले सर्वांत जवळचे वाक्य टक्केवारीसह बाजूला दिसते.

यातून जो गैरसमज हमखास होतो, तो आधी दूर केला पाहिजे. ही स्मृती वाक्यांची असते, संज्ञांची नसते. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, म्हणून तिथे स्मृतीची खरी बचत होते. पाठ्यपुस्तकातले विवेचन मात्र सहसा स्वतःची पुनरुक्ती करत नाही. ओपनस्टॅक्सच्या पुस्तकात शब्दशः पुन्हा येते ती चौकट: प्रत्येक उपप्रकरणाच्या सुरुवातीचे उद्दिष्टांचे ठराविक वाक्य, उदाहरणांतली ‘स्ट्रॅटेजी’, ‘सोल्युशन’, ‘सिग्निफिकन्स’ ही शीर्षके आणि प्रश्नांची साचेबंद भाषा. ‘संवेग’ हा शब्द शेकडो वाक्यांत येईल, पण ती वाक्ये एकमेकांसारखी नसल्यामुळे स्मृती त्याबाबत गप्प राहील. संज्ञा राखायची तर शब्दसूची वेगळी हवी, आणि अनुवाद त्या सूचीशी ताडून पाहणारी तपासणीही हवी.

उलट, वाक्य फार जवळचे निघाले की स्मृतीच संज्ञा बिघडवू शकते. पुढची दोन वाक्ये पाहा. पहिले पहिल्या खंडात अनुवादित झाले आहे, दुसरे तिसऱ्या खंडात समोर आले आहे.

```
Calculate the power of the engine.
→ इंजन की शक्ति परिकलित कीजिए।

Calculate the power of the lens.
→ ?
```

सहा शब्दांपैकी पाच तेच आहेत, म्हणून जुळणी 83 टक्के दिसते. ओमेगाटीत आपोआप वाक्य भरण्याची मर्यादा सहसा 80 टक्के असते, तेव्हा हे वाक्य आयते भरले जाईल. अनुवादक ‘इंजन’ खोडून ‘लेंस’ लिहील आणि पुढे सरकेल. पण भिंगाच्या ‘पॉवर’ला हिंदी भौतिकीत ‘क्षमता’ म्हणतात. ‘शक्ति’ हे दर सेकंदाला होणाऱ्या कार्याचे नाव आहे. उरलेल्या 17 टक्क्यांत जो एक शब्द आहे, तोच शेजारच्या शब्दाचा अर्थ ठरवतो, आणि टक्केवारीला ते कळत नाही. म्हणूनच मला स्वयंचलित भरणी पाठ्यपुस्तकाच्या कामात बंद ठेवलेली बरी वाटते. एकशब्दी शीर्षकांत धोका आणखी मोठा, कारण ‘पॉवर’ एवढेच सेगमेंट असेल तर जुळणी थेट 100 टक्के येते. तिथे ओमेगाटीतली पर्यायी अनुवादाची सोय वापरायची, म्हणजे त्या जागेपुरता वेगळा अनुवाद नोंदला जातो.

आता शब्दसूचीकडे. तिचे बीज पुस्तकातच आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘की टर्म्स’ ही यादी असते. अनुवाद सुरू होण्यापूर्वी 44 प्रकरणांतल्या या याद्या एकत्र करायच्या. हिंदी प्रतिशब्दांसाठी 1961 साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाचे कोश हा पहिला आधार, आणि विद्यार्थ्यांच्या कानावर आधीच असलेली एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकांची भाषा हा दुसरा. दोन्हींत फरक असेल तिथे कोणीतरी एकाने निर्णय द्यायचा आणि तो टिपेत लिहून ठेवायचा. सूचीची फाइल अगदी साधी असते: मूळ शब्द, टॅब, प्रतिशब्द, टॅब, टीप.

```
power	शक्ति	यांत्रिकी, विद्युत
power of the lens	क्षमता	लेंस
field	क्षेत्र
region	प्रदेश	‘क्षेत्र’ नहीं
area	क्षेत्रफल
```

यातल्या पहिल्या दोन ओळी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘पॉवर’समोर ‘शक्ति’ आणि ‘क्षमता’ असे दोन्ही शब्द लिहिले, तर तपासणीला दोहोंपैकी कोणताही चालतो आणि इंजिन-भिंगाची अदलाबदल तिच्या हातून निसटते. वेगळ्या ओळी ठेवल्या तर काही खोट्या तक्रारी येतात, पण त्या डोळ्यांखालून घालणे सोपे आहे.

तिसरी आणि चौथी ओळ मात्र या सगळ्या विषयातली सर्वांत फसवी अडचण दाखवतात. तपासणी नेहमी इंग्रजीकडून हिंदीकडे चालते. इंग्रजी वाक्यात ‘फील्ड’ आहे, तर हिंदीत ‘क्षेत्र’ आहे का, एवढेच ती पाहते. पण दोन वेगळ्या इंग्रजी संज्ञा एकाच हिंदी शब्दावर येऊन पडल्या, तर तिला काहीच वावगे दिसत नाही. ‘रीजन’ला ‘क्षेत्र’ म्हणणे हिंदीत सहज घडते, आणि पहिल्या खंडात त्याने फारसे बिघडतही नाही. दुसऱ्या खंडात स्थिरविद्युत सुरू झाली की ज्या भागात विद्युतक्षेत्र शून्य आहे त्या भागाबद्दल वाक्ये येऊ लागतात, आणि ‘उस क्षेत्र में क्षेत्र शून्य है’ असले काहीतरी छापले जाते. गाउसच्या नियमाच्या प्रकरणात पृष्ठभागाचे ‘क्षेत्रफल’ही सोबतीला येते, आणि कोणी घाईत त्याचे ‘क्षेत्र’ केले की विद्यार्थी त्या पानावर हरवलाच. प्रत्येक वाक्य सूचीप्रमाणे बरोबर, तपासणीचा अहवाल स्वच्छ, आणि परिच्छेद मात्र दुर्बोध!

याला इलाज यंत्राचा नाही, पण सोपा आहे. सूची स्प्रेडशीटमध्ये उघडायची आणि हिंदी स्तंभानुसार क्रम लावायचा. एकच हिंदी शब्द लागोपाठ दोन ओळींत आला की तिथे थांबायचे. काही ठिकाणी ते चालते, कारण प्रकरणे दूर असतात. ‘फील्ड’ आणि ‘रीजन’ यांचे तसे नाही. ते एकाच वाक्यात भेटतात, म्हणून ‘प्रदेश’ वेगळा काढावा लागतो. हे काम पहिल्या खंडाच्या आधी केले तर तासाभराचे. दुसरा खंड निम्मा झाल्यावर लक्षात आले तर मागे जाऊन पहिला खंड पुन्हा उघडावा लागतो.

तशी वेळ येतेच. समजा, पहिल्या खंडाच्या गटाने तरंग आणि ध्वनीच्या प्रकरणांत ‘स्पीड’लाही ‘वेग’ म्हटले. यामिकीत मात्र ‘वेग’ म्हणजे दिशेसह असलेली राशी, आणि दिशा नसलेली ती ‘चाल’, असे त्याच खंडात शिकवलेले आहे. तिसऱ्या खंडाच्या गटाला ‘प्रकाश की चाल’ हवी आहे, आणि त्यांचे बरोबर आहे. निर्णय झाला: सगळीकडे ‘चाल’. आता ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा देण्याचा मोह आवरायला हवा. ‘ध्वनि का वेग ताप के साथ बढ़ता है’ या वाक्यात ‘वेग’ पुल्लिंगी आहे आणि ‘चाल’ स्त्रीलिंगी. बदल एका शब्दाचा नसून तीन शब्दांचा आहे: ‘ध्वनि की चाल ताप के साथ बढ़ती है’. मराठी माणसाला हे लगेच पटेल, कारण आपल्याकडेही ‘वेग वाढतो’ आणि ‘चाल वाढते’. शिवाय ‘व्हेलॉसिटी’साठी आलेला ‘वेग’ तसाच राहायला हवा. त्यामुळे आधी सूचीतली नोंद बदलायची आणि मग तपासणी चालवायची. मूळ वाक्यात ‘स्पीड’ आहे पण अनुवादात ‘चाल’ नाही, अशा सेगमेंटांची यादी ती काढून देते. त्यातले प्रत्येक हाताने सुधारायचे.

एवढ्याने भागत नाही. पहिल्या खंडाची स्मृती दुसऱ्या-तिसऱ्या खंडांच्या प्रकल्पांत `tm` या फोल्डरमध्ये प्रत म्हणून गेलेली असते. ही प्रत संदर्भापुरती वाचली जाते. मूळ प्रकल्पात केलेली दुरुस्ती तिच्यात आपोआप पोहोचत नाही. म्हणून पहिल्या खंडात दुरुस्ती करून अनुवादित फायली पुन्हा तयार करायच्या. त्या वेळी ओमेगाटी नव्या टीएमएक्स फायली लिहिते, आणि त्याच बाकीच्या प्रकल्पांत जुन्यांच्या जागी ठेवायच्या. हे राहिले तर काही आठवड्यांनी तिसऱ्या खंडात ‘वेग’ पुन्हा उगवतो आणि अनुवादकावर विनाकारण बोल येतो. जुळणीच्या चौकटीत ती कोणत्या फायलीतून आली हे लिहिलेले असते. तिथे जुन्या फायलीचे नाव दिसले की चोर सापडला. जो खंड अजून संपादकाने तपासलेला नाही, त्याची स्मृती `tm/penalty-30` अशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवता येते. मग त्यातल्या प्रत्येक जुळणीचे 30 टक्के कापले जातात आणि कच्चा माल आपोआप आत शिरत नाही.

तपासणीच्या यादीत काही नोंदी चक्रावून टाकतात. सूचीत ‘डोरी’ आहे, वाक्यात ‘डोरियों’, आणि दीर्घ ‘री’ ऱ्हस्व झाल्याने साधी अक्षरजुळणी चुकते. हे निदान दिसते तरी. ‘जड़त्व’चे प्रकरण त्याहून विचित्र आहे, कारण तिथे दोन्ही शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसतात. युनिकोडमध्ये ‘ड़’ दोन प्रकारे लिहिता येतो: U+095C हे एकच चिन्ह, किंवा U+0921 हा ‘ड’ आणि पुढे U+093C हा नुक्ता. कळफलकानुसार यांपैकी एक किंवा दुसरा रूपबंध उमटतो. एका अनुवादकाचा ‘जड़त्व’ सूचीशी जुळतो, दुसऱ्याचा जुळत नाही, आणि ज्याचा जुळत नाही त्याला आपली चूक काय ते कळत नाही. युनिकोडच्या प्रमाणित रूपात ‘ड़’ दोन चिन्हांचाच मानला जातो, म्हणून प्रकल्पानेही तोच धरावा. एकचिन्ही अक्षरे हुडकायला शोधखिडकीत नियमित पदावलीचा पर्याय निवडून हे टाकावे:

```
[\u0958-\u095F]
```

जेवढे निकाल येतील तेवढी दुरुस्ती. हा शोध सूचीच्या फायलीवरही चालवायला विसरू नये, कारण तिथे एक चुकीचा ‘ड़’ असेल तर बरोबर लिहिणारे सगळेच अनुवादक दोषी दिसतात.

शेवटची चाचणी तिन्ही खंडांच्या अंती असलेल्या निर्देशसूचींची. त्या एकत्र करून हिंदी अक्षरक्रमाने लावल्या की ‘जड़त्व आघूर्ण’ दोन वेगळ्या जागी येतो का, ‘चाल’ आणि ‘वेग’ यांची पाने आपापल्या अर्थाची आहेत का, ‘क्षेत्र’खाली भलताच पृष्ठांक शिरला आहे का, हे स्मृती न उघडताही दिसते. ही चाचणी मजकूर छपाईच्या मांडणीत जाण्याआधी करावी, कारण मांडणीत केलेली दुरुस्ती टीएमएक्समध्ये परत येत नाही आणि पुढच्या आवृत्तीत जुनी चूक पुन्हा तोंड वर काढते.