पवनचक्कीचं पातं जातं कुठे?

सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे पठारावर २००० च्या आसपास ३५० किलोवॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आयुष्य साधारण वीस वर्षांचं धरलेलं, म्हणजे हिशेब आता आला. मनोऱ्याचं पोलाद भंगारात विकलं जातं. अडतं ते पात्यांपाशी. काचतंतूंना धरून ठेवणारं रेझिन एकदा कडक झालं की तापवून वितळत नाही, जळतं. म्हणून जर्मनीत २०१० पासून पात्यांचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत घालतात. रेझिनचं इंधन होतं, काचेतली सिलिका क्लिंकरमध्ये जाते. तंतू मात्र गेला तो गेलाच, त्यामुळे याला रिसायकलिंग म्हणताना मी जरा अडखळतो. आता नकाशा बघा. सोलापूरजवळ होटगीला सिमेंट कारखाना आहे, पण तिथे क्लिंकर दळतात, भाजत नाहीत. भट्टी हवी तर पुढे कर्नाटकात, वाडीला जावं लागतं.