नोटीस बोर्डवरचे तीस दिवस

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

मी मूळचा धनजचा, वाशिम जिल्हा. सध्या पुण्यात कोड लिहितो. काही महिन्यांपूर्वी रात्री अकराला आमच्याकडच्याच एका मित्राचा फोन आला. त्याचं घर हिंदू, तिचं मुस्लीम, दोघंही नोकरीला पुण्यात. तो म्हणाला, "अरे, पुण्यात कोर्ट मॅरेजचा अर्ज टाकला तर गावाकडं समजते का?" मी सरळ "नाही" म्हटलं. आणि मी चुकलो होतो. मग कायदा उघडून बसलो, आणि वाचता वाचता पार १८७२ सालात जाऊन पोहोचलो.

ब्रिटिश काळात केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो समाजाला आपल्या पद्धतीच्या लग्नांना कायद्याची मान्यता हवी होती. त्या मागणीतून १८७२ चा तिसरा कायदा आला. लग्न सरकारी अधिकाऱ्यासमोर, धर्मविधीची सक्ती नाही. पण आत एक अट होती. वधू-वर दोघांनी लिहून द्यायचं, की मी ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कुठलाच धर्म मानत नाही. म्हणजे दोन धर्मांच्या माणसांना लग्न करायचं तर आधी दोघांनी धर्म सोडायचा, निदान कागदावर तरी. अनेकांना तिथं सरळ खोटं लिहावं लागायचं.

ही अट हलवायला पुढं आला तो आपल्या नागपूरचा वकील. डॉ. हरिसिंग गौर जन्माने सागरचे, पण वकिली नागपुरात, आणि तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्षही होते. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होतं, तिथूनच ते दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात गेले. त्यांच्या प्रयत्नातून १९२३ ची दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना धर्म न सोडता आपसात नोंदणी लग्न करता येऊ लागलं. मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू मात्र या सवलतीबाहेर राहिले. त्यांच्यासाठी जुनी अट तशीच.

सवलतीची किंमतही होती. असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून आपोआप विभक्त व्हायचा. त्याला दत्तक घेता यायचं नाही. आणि तो एकुलता एक मुलगा असेल, तर त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभा, जणू पहिला मुलगा नाहीच!

१५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचं लग्न झालं, तेही नोंदणी पद्धतीनं. जात वेगळी असलेल्या दोघांना हा रस्ता खुला होता. पण हिंदू-मुस्लीम जोडप्याला धर्म न सोडता तो तेव्हाही बंद होता.

तो उघडला विशेष विवाह कायदा, १९५४ नं. हा कायदा १ जानेवारी १९५५ पासून लागू झाला. धर्म सोडल्याचं लिहून देणं गेलं, दत्तकाची कलमंही गेली. पण एक गोष्ट कमी व्हायच्या ऐवजी वाढली. १८७२ मध्ये नोटिशीनंतर थांबायचं होतं १४ दिवस. १९५४ नं ते ३० केले.

आता मित्राच्या केसवर येऊ. दोघांपैकी एकानं अर्जाआधी सलग किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. तो पुण्यातच राहतो, म्हणून अर्ज पुण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे. 'कोर्ट मॅरेज' म्हणतो आपण, पण यात कोर्ट कुठंच नसतं. अधिकारी नोटीस एका वहीत नोंदवतो, जी कुणीही फुकट बघू शकतो. एक प्रत कार्यालयात दिसेल अशा जागी लावतो. आणि दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर एक प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते, तिथंही लावायला. म्हणजे मित्राची नोटीस वाशिमला जाणार! घरी पत्र पाठवावं असं कायद्यात कुठंच नाही. पण गावातलं कुणी त्या बोर्डासमोर उभं राहिलं, की विषय संपला.

समजा नोटीस ३ जूनला लागली. पुढचे ३० दिवस कुणीही लेखी आक्षेप घेऊ शकतो. पण आक्षेपाची कारणं मोजकीच आहेत: आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं, मुलगा २१ किंवा मुलगी १८ पेक्षा लहान असणं, मनाची अवस्था संमती देण्यासारखी नसणं, किंवा कायद्यानं निषिद्ध ठरवलेलं जवळचं नातं असणं. धर्म वेगळा आहे, आईबाबांचा विरोध आहे, समाज काय म्हणेल, यातलं एकही कारण चालत नाही. मान्य कारण सांगणारा आक्षेप आला, तर अधिकाऱ्यानं ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा. लग्न नाकारलं, तर पुढच्या ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. खोडसाळ आक्षेप घेणाऱ्याला जास्तीत जास्त १,००० रुपये भरपाई द्यावी लागू शकते. १९५४ चे हजार रुपये आजही हजारच!

खरी अडचण आक्षेपाची नसतेच, ती त्या ३० दिवसांत घरी काय घडेल याची असते. मुलीचा फोन काढून घेतला, तिला नातेवाइकांकडं पाठवलं, तर वहीत आक्षेप एकही नाही आणि लग्नही नाही. त्यात नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द, सगळं पहिल्यापासून. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं म्हटलं, की नोटीस जाहीर लावणं जोडप्याच्या इच्छेवर असावं. पण तो निकाल उत्तर प्रदेशातला, महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्याला तो बांधत नाही.

मुदत सुखरूप संपली की तीन साक्षीदार, सह्या, एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं एक वाक्य, आणि प्रमाणपत्र हातात. धर्म दोघांचे होते तेच राहतात.

मित्राचा शेवटचा प्रश्न वावराचा होता. "बाबा म्हणतात, वाटा जाईल." जात नाही. एकत्र कुटुंबातून तो कायद्यानं वेगळा होतो हे खरं, १९२३ चा तो धागा अजून आहे. पण वेगळा होणं म्हणजे वाटा गमावणं नव्हे, त्याचा हिस्सा त्याचाच. बदलतं ते पुढचं. त्याच्या स्वतःच्या मालमत्तेला आता भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होईल. मृत्युपत्र नसेल, तर मुलं असताना बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींना सारखं. तिच्या मालमत्तेलाही हाच नियम. १९७६ पासून दोघंही हिंदू असतील तर हे बदल लागू होत नाहीत, पण यांच्यासारख्यांना होतात. पोटगी आणि घटस्फोटही याच कायद्यानं, आणि सहसा पहिलं वर्ष घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे वाशिमच्या बोर्डावर लागायच्या आधी बाबांना मीच सांगतो." त्या शनिवारी तो गावाला गेला. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "साक्षीदार किती लागतात?"

पुढच्या भागात भेटू.