१२. एमीचे उत्तर
एमी : कॅरल गिलिगन यांच्या ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ (१९८२) या पुस्तकातील ११ वर्षांची मुलगी. मरणासन्न बायकोसाठी न परवडणारे औषध हाइन्झ नावाच्या माणसाने चोरावे का, हा लॉरेन्स कोलबर्ग यांचा प्रश्न तिला विचारला होता. तिच्याच वयाचा जेक म्हणाला, चोरावे. जीव पैशाहून मोलाचा. एमी म्हणाली, चोरू नये. तो तुरुंगात गेला आणि बायकोचे दुखणे वाढले, तर काय? बोलून दुसरा मार्ग काढावा. कोलबर्ग यांच्या नैतिक विकासाच्या मोजपट्टीवर तिचे उत्तर जेकच्या खाली ठरले. गिलिगन यांच्या मते ती मागे नव्हती. आजारी बाई कुणावर विसंबून आहे आणि ते नाते कसे टिकेल, हाच तिच्या लेखी नैतिक प्रश्न होता.