मोठ्या व लहान पीठांच्या निर्णयांची बंधनकारकता आणि 'पर इन्क्युरियम'

राज्यघटनेच्या कलम 141 नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. परंतु सर्वोच्च न्यायालयातच दोन पीठांची मते जुळत नसतील, तर पीठातील न्यायाधीशांची संख्या पाहिली जाते. दाऊदी बोहरा समाज विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2005) या प्रकरणात घटनापीठाने नियम स्पष्ट केला : लहान पीठाला मोठ्या पीठाचा निर्णय पाळावाच लागतो, आणि समान संख्येच्या पीठाला तो पटला नाही, तर प्रकरण मोठ्या पीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवावे लागते. मोजायची ती पीठाची संख्या, बहुमताची नव्हे. सात न्यायाधीशांचा 4 विरुद्ध 3 असा निर्णय पाच जणांच्या एकमुखी निर्णयावर भारी पडतो.

याला जवळजवळ एकच पळवाट आहे. बंधनकारक निर्णय किंवा कायद्यातील नेमकी तरतूद लक्षात न घेता दिलेला निकाल 'पर इन्क्युरियम' ठरतो आणि पुढे बंधनकारक राहत नाही. निकाल चुकीचा वाटणे एवढे कारण त्याला पुरत नाही. शिवाय हा नियम निर्णयाच्या मूळ तत्त्वालाच लागतो, ओघात केलेल्या भाष्याला नाही.

ही पळवाट किती निसरडी आहे, हे पुण्याच्या भूसंपादनाने दाखवले. 2013 च्या कायद्याच्या कलम 24(2) च्या शब्दांप्रमाणे, पाच वर्षे वा त्याहून जुना निवाडा असूनही ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल, तर संपादन रद्द होते. पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद सोळंकी (24 जानेवारी 2014) प्रकरणात निवाडा 31 जानेवारी 2008 चा होता आणि रक्कम सरकारी तिजोरीत ठेवलेली होती. न्यायालयात जमा न केलेला मोबदला 'दिलेला' नव्हे, असे तिघांच्या पीठाने ठरवले. 8 फेब्रुवारी 2018 रोजी तिघांच्याच दुसऱ्या पीठाने, इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध शैलेंद्र प्रकरणात, 2 विरुद्ध 1 मताने तो निर्णय पर इन्क्युरियम ठरवला. समान संख्येच्या पीठाने हे करणे हीच अडचण होती. तिसऱ्या न्यायाधीशांना ते मान्य नव्हते. पुढे 21 फेब्रुवारीला आणखी एका तिघांच्या पीठाने, मोठ्या पीठाकडे पाठवण्याचा प्रश्न सुटेपर्यंत अशी प्रकरणे हाताळू नयेत, अशी विनंती उच्च न्यायालयांना केली.

नाशिकच्या शेतकऱ्याची अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठापुढे जाते. तेथील न्यायाधीशांना सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय पर इन्क्युरियम म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तिघांच्या दोन निर्णयांत विरोध दिसला, तर सामान्यतः आधीचा पाळला जातो.

अखेर 6 मार्च 2020 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने (इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल) पुण्याचा निर्णय रद्दबातल ठरवला. कलमातील 'किंवा' हा शब्द 'आणि'सारखा वाचायचा, म्हणजे ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, तरच संपादन रद्द होते, असा अर्थ त्याने लावला. 'किंवा' कसे वाचावे हा मुद्दा शैलेंद्र प्रकरणात मांडलाच गेला नव्हता, म्हणून तोही निर्णय टिकला नाही.